माळ्यावरची पुस्तकं आणि पेपरचा गठ्ठा: कुठे द्यायचं, कसं द्यायचं, आणि उरलेल्याचं काय करायचं

दरवर्षी मे महिन्यात आमच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो, "मुलाची जुनी पुस्तकं आहेत, कुणाला हवी असल्यास सांगा". खाली सात-आठ जण हात जोडलेले इमोजी टाकतात आणि पुस्तकं जूनच्या शेवटी रद्दीवाल्याच्या काट्यावर जातात. मी स्वतः हे दोन वर्षं केलंय. घ्यायला माणसं नाहीत असं नाही हो, "जुनी पुस्तकं आहेत" एवढ्यावरून समोरच्याला काहीच कळत नाही, तिथेच गाडी अडते. कुठली इयत्ता, कुठलं माध्यम, कुठल्या सालचं, पूर्ण सेट का सुटी, हे कळल्याशिवाय कोण येणार गाडीला किक मारून.

तर पहिल्यांदाच माळा उपसायला काढणाऱ्यांसाठी, मी ज्या क्रमाने करते तो सांगते.

सगळं एकदम खाली काढू नका. एक खोकं काढायचं, ते संपवायचं, मग दुसरं. मी पहिल्या वर्षी सगळा माळा हॉलमधे ओतला आणि मग चार दिवस सोफ्यावर बसायला जागा नव्हती, शेवटी वैतागून अर्धं न बघताच पोत्यात भरलं. आणि प्रत्येक पुस्तक पाठीला धरून उलटं करून पानं फडफडवायची. हे हसण्यावारी नेऊ नका, माझ्या सासऱ्यांच्या एका शब्दकोशातून जुनी एलआयसीची पावती, दोन पत्रं आणि शंभराची नोट पडली होती. मुलांच्या पुस्तकांत आधारची झेरॉक्स, हॉल तिकीट, गुणपत्रिकेची कॉपी असलं काहीबाही असतं. पहिल्या पानावर नाव राहिलं तर राहू दे, पण फोन नंबर आणि पत्ता लिहिलेला असेल तर मार्करने गिचमिड करून टाका.

फडफडवताना आणखी एक बघायचं, कीड. चंदेरी रंगाचा लांबट, माशासारखा वळवळणारा किडा पळाला तर ती कसर. पानांच्या कडा कुरतडल्यासारख्या, वरचा थर खरवडल्यासारखा दिसतो. पानांना मातकट बोगदे असतील तर वाळवी, मग ते पुस्तक घरात फिरवूच नका, खोक्यासकट बाहेर न्या आणि माळ्याचं लाकूड तपासा. कसर लागलेलं पण बाकी धडधाकट पुस्तक वाचवता येतं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून तोंड घट्ट बंद करायचं आणि दोन आठवडे फ्रीझरमधे ठेवायचं (फ्रीझर म्हणजे बर्फाचा कप्पा, खालचा भाजीचा नव्हे). बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. एक दिवस तशीच बाहेर ठेवायची, नाहीतर थंड पुस्तकावर दव धरतं आणि कसर गेली बुरशी आली असं होतं. नुसता कुबट वास असेल तर सावलीत, पंख्याखाली, पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी उघडी ठेवा दोन-तीन दिवस. उन्हात टाकू नका, कागद पिवळा पडतो आणि कव्हर वाकतं.

शाळेची पुस्तकं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो म्हणून जरा सविस्तर.

पहिली ते आठवीची बालभारतीची पुस्तकं असतील तर आधी हे लक्षात घ्या, की सरकारी, झेडपी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना ही पुस्तकं समग्र शिक्षा योजनेतून फुकट मिळतात. म्हणजे गावातल्या झेडपीच्या शाळेत तुम्ही चौथीचे सेट घेऊन गेलात तर गुरुजी चहा पाजतील पण पुस्तकांचं त्यांना फारसं काही करता येणार नाही. शिवाय नवीन अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतोय, पहिलीचं पुस्तक २०२५-२६ पासून बदललं. सीबीएसईवाल्यांचं तर त्याहून अवघड, एनसीईआरटीने पहिली-दुसरीची २०२३ मधे, तिसरी आणि सहावीची २०२४ मधे, आणि चौथी, पाचवी, सातवी, आठवीची २०२५ मधे नवी पुस्तकं काढली, त्यामुळे मोठ्या भावाचं धाकट्याला हे गणित तिथे कोलमडलंच. ही जुनी पुस्तकं अभ्यासाला जात नाहीत. चित्रांची असतील तर बालवाडीत, अंगणवाडीत कापाकापीला चालतात, तेवढंच.

खरी मागणी असते नववी ते बारावीला. तिथे पुस्तकं विकत घ्यावी लागतात आणि सेटचा खर्च बऱ्यापैकी असतो.

आता पुस्तक चालू आहे का जुनं झालंय हे कसं ओळखायचं? आतल्या पहिल्या-दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात "प्रथमावृत्ती" आणि त्याखाली "पुनर्मुद्रण" असं लिहिलेलं असतं. बरेच जण पुनर्मुद्रणाचं साल बघून "अरे हे तर जुनं" म्हणून टाकून देतात किंवा नवं दिसलं म्हणून खूश होतात. पुनर्मुद्रण म्हणजे तेच पुस्तक परत छापलं एवढंच. बघायची ती प्रथमावृत्ती. सध्याच्या मालिकेत नववीची पुस्तकं २०१७, दहावीची २०१८, अकरावीची २०१९ आणि बारावीची २०२० ची आहेत. तुमच्या दहावीच्या भूगोलावर प्रथमावृत्ती २०१८ असेल तर त्याचं पुनर्मुद्रण २०१९ चं असो नाहीतर २०२३ चं, आतला मजकूर जवळपास तोच, एखादी दुरुस्ती सोडता. प्रथमावृत्ती त्याच्याही आधीची असेल तर ते आधीच्या अभ्यासक्रमाचं, ते सेटमधे घालू नका, बिचाऱ्या घेणाऱ्याला सप्टेंबरमधे कळतं. हे वरचे वर्गही पुढे बदलणार आहेत म्हणून दरवर्षी द्यायच्या आधी बालभारतीच्या साइटवर (ebalbharati.in) चालू पुस्तकाची पीडीएफ फुकट मिळते ती उघडून अनुक्रमणिका जुळवून बघायची, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोची माध्यमाची. आमच्या मुलीचा दहावीचा सेट, सेमी इंग्लिशचा, आमच्या कामवाल्या ताईंच्या भाचीला दिला मी. "दहावी ना? झालं तर." पोरगी पूर्ण मराठी माध्यमाची निघाली. गणित आणि विज्ञानाची चारही पुस्तकं इंग्लिशमधली, तिला शून्य उपयोग, आणि ती बिचारी लाजून बोललीच नाही, दिवाळीत ताईंकडून कळलं. तेव्हापासून मी चिठ्ठीच बनवते. पूर्ण मराठी माध्यमाच्या दहावीच्या सेटची अशी होते:

मराठी कुमारभारती, हिंदी लोकभारती, माय इंग्लिश कोर्सबुक, गणित भाग १ आणि २, विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ आणि २, इतिहास व राज्यशास्त्र, भूगोल. नऊ पुस्तकं.

यात कुमारभारती आणि अक्षरभारती हा घोळ हमखास होतो. कुमारभारती मराठी माध्यमवाल्यांची, अक्षरभारती इंग्लिश वगैरे माध्यमांत मराठी शिकणाऱ्यांची. दोन्हींवर मराठी लिहिलेलं, दोन्ही दहावीची, आणि पुस्तकं वेगळी. पूर्ण हिंदीऐवजी संयुक्त हिंदी घेणाऱ्यांचं पुस्तक लोकवाणी. संस्कृतचंही तसंच, पूर्ण संस्कृतला आमोद आणि संयुक्तला आनंद. सेटवर चिठ्ठी चिकटवताना "दहावी, मराठी माध्यम, पूर्ण हिंदी, ९ पुस्तकं, पेन्सिलच्या खुणा आहेत" एवढं लिहिलं की फोनवर अर्धा तास वाचतो.

खुणांचं म्हणाल तर पेन्सिल खोडून टाका, पेनाने केलेल्या अधोरेखित ओळींना कुणी काही म्हणत नाही, उलट मुलं म्हणतात बरं झालं महत्त्वाचं आधीच कळलं. पण स्वाध्याय पुस्तिका, व्यवसायमाला, ज्यात उत्तरं पेनाने भरलेली आहेत त्या सेटमधे घालू नका, सरळ रद्दी. गाईड आणि प्रश्नसंच दोन वर्षांच्या आतले असले तरच.

वेळ पण महत्त्वाची. दहावीचे क्लास एप्रिलपासूनच सुरू होतात, म्हणजे नववी संपवून दहावीत जाणाऱ्याला पुस्तक एप्रिलमधे हवं असतं, जूनच्या शेवटी नाही. तोपर्यंत त्यांनी घेतलेली असतात. दहावीचा पेपर मार्चमधे संपला की आठ दिवसांत सेट बांधून मोकळे व्हा. फक्त पेपर अवघड गेला असेल तर निकालापर्यंत थांबा, उगाच पुरवणी परीक्षेसाठी आपलीच पुस्तकं परत मागायची वेळ नको. आणि अकरावीचा सेट! बारावी सुरू झाली म्हणून लोक अकरावीची पुस्तकं देऊन टाकतात, पण एमएचटी-सीईटीला साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. तेव्हा सायन्सवाल्यांनी अकरावी आणि बारावी दोन्ही सेट सीईटी झाल्यावरच एकत्र द्यायचे.

द्यायचे कुणाला? माझा अनुभव, जवळच्या रात्रशाळेच्या किंवा अनुदानित हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना फोन करून "नववी-दहावीचे अमुक माध्यमाचे इतके सेट आहेत" असं सांगणं सगळ्यात बेस्ट, त्यांना कुणाला गरज आहे ते माहीत असतं आणि ते वर्षाच्या शेवटी परत घेऊन पुढच्याला देतात. काही शाळांत याची पुस्तकपेढी असतेच. कुणी नाहीच मिळालं तर पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेणारे आहेत, छापील किमतीच्या मानाने थोडकेच पैसे देतात पण पुस्तक निदान विद्यार्थ्याच्या हातात जातं.

गोष्टीची पुस्तकं, कादंबऱ्या आणि वाचनालय

वाचनालयाला पुस्तकं देणं म्हणजे खोकं नेऊन काउंटरवर ठेवणं नव्हे, हे मी अनुभवाने शिकले. काकांच्या पुस्तकांची तीन खोकी रिक्षात घालून एका वाचनालयात नेऊन दिली होती, न विचारता. त्यांनी घेतली, आभार मानले. सहा महिन्यांनी फुटपाथवर एका जुन्या पुस्तकवाल्याकडे काकांच्या हस्ताक्षरातलं नाव असलेलं पुस्तक दिसलं. वाईट वाटलं, राग पण आला. नंतर एका ग्रंथपाल मैत्रिणीने समजावलं तेव्हा राग उतरला.

तिचं म्हणणं असं. वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक दाखल रजिस्टरमधे नोंदवावं लागतं, त्याला दाखल क्रमांक पडतो, शिक्का, विषयवारी, कार्ड नाहीतर कॉम्प्युटरवर नोंद. एकदा ते नोंदलं की काढून टाकणं सोपं नसतं, बाद करायची वेगळी पद्धत आहे, तपासणीत पुस्तक दाखवावं लागतं. म्हणून जे वाचलं जाणार नाही ते नोंदवतच नाहीत. शिवाय लोकप्रिय कादंबऱ्यांच्या त्यांच्याकडे आधीच चार-चार प्रती असतात आणि तुमची पाचवी. कपाटाला जागा किती असणार.

म्हणून आधी यादी. वहीत किंवा एक्सेलमधे, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, साल, अवस्था (चांगली / बांधणी सुटलेली / पान फाटलेलं). फार वाटतं पण शंभर पुस्तकांना दीड तास लागतो. मुलांना बसवा, एकाने वाचायचं एकाने लिहायचं. ही यादी व्हॉट्सॲपवर ग्रंथपालांना पाठवा आणि म्हणा, "यातली हवी ती निवडा, बाकीची नको असली तरी चालेल". या एका वाक्याने त्यांचा जीव भांड्यात पडतो. माझ्या दुसऱ्या वेळच्या ११२ पुस्तकांतली त्यांनी ३१ निवडली. बालसाहित्य सगळं, चरित्रं बरीचशी, दोन कोश, आणि काकांचा कोकणातल्या देवस्थानांवरचा एक जुना ग्रंथ जो मी रद्दीत टाकणार होते. स्पर्धा परीक्षेची चालू घडामोडींची पुस्तकं त्यांनी एकही घेतली नाहीत, ती वर्षभरात शिळी होतात.

आता त्या जुन्या ग्रंथावरून आठवलं. १९५० च्या आधीचं काही सापडलं, स्थानिक इतिहास, एखाद्या गावाची बखर, जुनी मासिकं, संस्थानी छापखान्याचं काही, तर गल्लीतल्या वाचनालयाच्या आधी मोठ्या संग्रहालयाला विचारा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ चं, अशा ठिकाणी जुन्याची जाण असलेली माणसं असतात. पानं ठिसूळ झाली असतील तर सेलोटेप लावायच्या भानगडीत पडू नका, तो चिकट थर काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरासकट कागद खातो.

लांबच्या गावी पाठवायचं असेल तर कुरियरचा खर्च ऐकून लोक बेत रद्द करतात. पोस्टाची आधीची रजिस्टर्ड बुक पोस्ट सेवा डिसेंबर २०२४ मधे बंद झाली, तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली होती. मग १ मे २०२५ पासून पोस्टाने "ज्ञान पोस्ट" सुरू केली, पुस्तकांसाठीच. सुरुवातीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये ते ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर टॅक्स. रस्त्याने-रेल्वेने जातं म्हणून वेळ लागतो पण ट्रॅकिंग मिळतं. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं, आणि मासिकं, जाहिरातींचे कॅटलॉग यात चालत नाहीत. काउंटरवर "पार्सल" म्हणालात तर पार्सलचा दर लागेल, "ज्ञान पोस्ट" असंच म्हणा. दहावीचा नऊ पुस्तकांचा सेट आमच्याकडे पावणेतीन किलो भरला होता, म्हणजे एका पाकिटात आरामात बसतो. कोपऱ्यांना पुठ्ठा लावून घ्या, कोपरेच आधी मरतात.

सोसायटीतली अदलाबदल

यादीतली उरलेली ८१ पुस्तकं आम्ही सोसायटीच्या क्लब हाउसमधे मांडली. "एक द्या एक घ्या" असा बोर्ड लावला आणि पहिल्याच रविवारी फसलो. लोकांनी जुने कम्प्युटरचे मॅन्युअल, २००९ चं बँक परीक्षेचं गाईड असलं आणून चांगल्या कादंबऱ्या नेल्या. संध्याकाळी टेबलावर नुसता कचरा.

पुढच्या वेळी एका आजोबांनी कूपनची आयडिया काढली आणि ती चालली. आणलेलं पुस्तक टेबलावरचा माणूस बघणार, जे स्वतः घरी नेईल असं वाटतं त्यालाच कूपन, बाकीचं नम्रपणे परत. जाड-बारीक, महाग-स्वस्त असा भेद नाही, एक पुस्तक एक कूपन. मुलांचं टेबल वेगळं, तिथली कूपनं तिथेच चालणार, नाहीतर मोठी माणसं चांदोबाची बाइंड केलेली वर्षं उचलतात (मी पण उचलली असती, खोटं कशाला बोला). कूपन पुढच्या महिन्यातही चालतं. आणि शेवटच्या अर्ध्या तासात उरलेलं सगळ्यांना फुकट, परत घरी न्यायचं नाही हा नियम. दिवाळी अंक या टेबलावर सोन्यासारखे जातात पण फक्त गेल्या दोन-तीन वर्षांचे. त्याहून जुने असतील तर केशकर्तनालय, दवाखाना, वृद्धाश्रम, असं जिथे माणूस वाट बघत बसतो तिथे चार-चार द्या.

कोऱ्या पानांची वही

पुस्तकांबरोबर अर्ध्या लिहिलेल्या वह्यांचा ढीग निघतोच. मधे पिना मारलेली वही असेल तर पिना काढल्यावर कळतं की प्रत्येक जोडपान अर्धं लिहिलेलं आणि अर्धं कोरं असतं, कारण पुढचं आणि मागचं पान एकाच कागदाचं. म्हणून मधल्या घडीवर पट्टी ठेवून कटरने कापा आणि कोरी पानं वेगळी करा. आता ही सुटी पानं झाली, ती मधे पिन मारून जोडता येणार नाहीत, कडेने शिवावी लागतात.

चाळीसेक पानं घ्या, त्याहून जास्त नको, दाभण आरपार जात नाही. टेबलावर आपटून कापलेली कड एकसारखी करा, वर-खाली भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचा जाड कागद कव्हर म्हणून लावा, छापील बाजू आत. दोन कपड्यांचे चिमटे लावले की गठ्ठा हलत नाही. कापलेल्या कडेपासून एक सेंटिमीटर आत पेन्सिलने रेघ ओढा आणि तिच्यावर तीन खुणा, एक बरोबर मधे, बाकीच्या दोन वरच्या आणि खालच्या टोकापासून तीन-तीन सेंटिमीटरवर. खाली जाड रद्दी पुस्तक ठेवून दाभणाने भोकं पाडा, दाभण सरळ उभं धरा, तिरकं गेलं की मागे भोक भलतीकडेच निघतं. दोरा पानाच्या उंचीच्या तिप्पट. मी गोधडीचा दोरा वापरते, मेणबत्तीवरून एकदा ओढून.

सुई मागून मधल्या भोकातून वर काढा, मागे बोटभर दोरा लोंबता ठेवा. पुढच्या बाजूने वरच्या भोकात खाली घाला. मागून मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून वर या. पुढून परत मधल्या भोकात खाली. आता दोरा आणि ते लोंबतं टोक दोन्ही मागे मधल्या भोकापाशी आले, मागचा लांब टाका त्या दोघांच्या मधोमध आला पाहिजे, त्याच्यावरून दोन गाठी. टाका एकाच बाजूला राहिला तर गाठ सैल पडते आणि आठवड्यात वही डुगडुगते. शिवलेली वही पूर्ण सपाट उघडत नाही, कडेचा सेंटिमीटर शिवणीत जातो, त्यामुळे शाळेला नको, हिशेबाला, दुधाच्या नोंदीला, कच्च्या कामाला ठीक.

पेपर

पेपरबद्दल आधी एक नको सांगते. भजी, वडे, पोहे पेपरवर काढायची सवय सोडा. छपाईच्या शाईतली रसायनं गरम तेलकट पदार्थात उतरतात, म्हणून अन्न पेपरात बांधायला एफएसएसएआयची मनाई आहे. गाडीवाल्याला देण्यासाठी पेपरच्या पुड्या बनवून देणारे उत्साही लोक असतात, तेही नको.

चांगला, कोरडा, घडी केलेला पेपर रद्दीवाल्याला वेगळा द्या, पुस्तकं आणि चकचकीत मासिकांबरोबर मिसळला की तो सगळ्यालाच मिश्र रद्दीचा भाव लावतो, जो कमी असतो. ओला झालेला असेल तर तो तसाही घेणार नाही.

घरात पेपरचा सगळ्यात कामाचा उपयोग म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्यातलं अस्तर. काळी प्लास्टिकची पिशवी नको आणि ना डिंक ना कात्री. मोठ्या पेपरचं पूर्ण उघडलेलं जोडपान साधारण ७० बाय ५५ सेंटिमीटर भरतं. अशी दोन जोडपानं एकावर एक ठेवा, ७० ची बाजू १५ सेंटिमीटर आत दुमडा म्हणजे ५५ चा चौकोन झाला. तो कर्णावर दुमडून त्रिकोण करा, लांब बाजू तुमच्याकडे, टोक समोर. आता उजवा कोपरा उचलून डाव्या तिरक्या बाजूवर आणायचा. नेमका कुठे? डाव्या खालच्या कोपऱ्यापासून त्या बाजूवर ३२ सेंटिमीटर मोजा, तिथे. बरोबर बसला की दुमडलेल्या भागाची वरची कड तुमच्याकडच्या लांब बाजूला समांतर दिसते, तिरकी दिसली तर सरकवा. डावा कोपरा तसाच उजवीकडे. वर उरलेल्या टोकाचे दोन भाग होतात, पुढचा पुढे दुमडून समोरच्या खिशात खोचा, मागचा मागे दुमडा. तोंड उघडा, झाली पिशवी. ३२ सेंटिमीटर रुंद, २३ उंच, म्हणजे ज्या डब्याचं तोंड वीसेक सेंटिमीटर व्यासाचं आहे त्यात बरोबर बसते. माझा डबा मोठा आहे म्हणून मी तळाला आणखी एक पेपर चौघडी करून टाकते.

पहिल्या आठवड्यात माझी पिशवी रोज तळातून फाटायची आणि मी पेपरला शिव्या घालत होते. कारण साधं होतं, चहाचा चोथा मी गाळणीतून थेट टाकत होते. आता चोथा पिळून, कलिंगडाची सालं आणि ताकाचं भांडं विसळलेलं पाणी अर्थातच बाहेर, आणि आमटीतलं उरलंसुरलं गाळून, मग रात्रीपर्यंत टिकते. दोन दिवस ठेवायची म्हणाल तर नाही टिकणार. घरी कंपोस्ट करत असाल तर पिशवीसकट आत जाते, फक्त चकचकीत पुरवणीची पानं यासाठी वापरायची नाहीत, ती लवकर कुजत नाहीत. मी रविवारी टीव्ही बघता बघता सात पिशव्या घडी करून ठेवते. सातवी नेहमी वाकडी होते, ती सोमवारी.